अम्मिणीच्या हातातला गूळ

केरळातल्या मूस घराण्यातल्या वैद्यांच्या काढाघरात चात्तुण्णीने बेचाळीस वर्षं चूल सांभाळली. सोळा पट पाणी घालायचं, आटवून चौथा हिस्सा ठेवायचा, यात त्याचा हात कधी चुकला नाही. तेल उतरवायची वेळ झाली की कल्काची, म्हणजे तेलातल्या वाटलेल्या औषधाची, वात बोटांवर वळायची, आगीत धरायची, तडतड झाली नाही म्हणजे पाणी गेलं. एकदा पावसात सरपण भिजलं, तर या पठ्ठ्याने स्वतःच्या पडवीचा बाक फोडून चुलीत घातला, पण तेल जळू दिलं नाही. बायको अम्मिणी त्यानंतर महिनाभर जमिनीवर बसून भाजी चिरत होती. तिने तक्रार केली तेव्हा जमिनीवर बसणं पचनाला चांगलं, असं त्याने तिला ऐकवलं.

पलीकडच्या ओट्यावर वैद्य शिष्यांना शिकवायचे आणि इकडे चुलीशी चात्तुण्णी ऐकायचा. जेवढं कानावर आलं तेवढं त्याने घरी नेलं. त्याच्या घरात दिनदर्शिका भिंतीवर नव्हती, ताटात होती. मेडम महिन्यात ऊन तापलं की लोणच्याची बरणी माळ्यावर जायची, तिखट बंद, शहाळं आणि पातळ ताक सुरू. धनूच्या थंडीत भूक सणकून लागते म्हणून उडीद, कंद, तूप, आणि अंगाला तिळाचं तेल. कर्किटकम आला, पावसाने अंगण चिंब झालं, की पोटातला अग्नी मंदावतो. मग मासळी बंद, शेवग्याचा पाला बंद, पाणी सुंठ घालून उकळलेलं, आणि नवर तांदळाची औषधी पेज. तिच्यात मेथी, अळीव, जिरं, नारळाचं दूध. ती पेज तो स्वतः करायचा, आणि काय सुरेख करायचा! वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेजारीपाजारी वाट्या घेऊन यायचे, त्यांच्यापुढे तो मेथीचे गुण सांगत बसायचा आणि अम्मिणी मागे उभी राहून पेज निवताना बघायची.

अम्मिणीला साखरेचा आजार निघाला तो साठाव्या वर्षी. आरोग्य केंद्रातल्या लिसी सिस्टरने गोळ्या दिल्या आणि एक चित्रांचा कागद दिला. अर्धं ताट भाजी, पाव ताट भात, पाव ताटात मूग नाहीतर मासा. गोळी सकाळी, आणि अर्ध्या तासात न्याहारी झालीच पाहिजे. जेवणाच्या वेळा बारा महिने त्याच.

चात्तुण्णी तो कागद हातात धरून खूप हसला.

“सिस्टर, तुमच्या या कागदाला पाऊस लागत नाही का?”

“अम्मिणीचेचीच्या रक्तालाही लागत नाही, चेट्टा,” लिसी म्हणाली. ती दोघांना ताई-दादा, म्हणजे चेची-चेट्टा म्हणायची. मग तिने अम्मिणीला जवळ बसवून सांगितलं की हात थरथरले, दरदरून घाम आला, तर साखर उतरली समजायचं, आणि कुणाला न विचारता गूळ तोंडात टाकायचा.

अम्मिणीने तो कागद तांदळाच्या डब्यावर चिकटवला. उकळलेलं पाणी प्या, रात्री हलकं खा, हे सिस्टरही सांगते आणि तुम्हीही सांगता, मग भांडण कशाचं, असं ती नवऱ्याला म्हणायची. भांडण वेळेचं होतं. ते तिला कळत होतं, त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

त्या वर्षीच्या कर्किटकमात त्याने फर्मान काढलं. अग्नी मंद असताना खाल्लेलं पचत नाही, त्याचा आम होतो, आणि सगळे आजार आमातून. तेव्हा भूक खणखणीत लागेपर्यंत चूल पेटणार नाही. न्याहारी बंद, दुपारी पेज, संध्याकाळी पुन्हा वाटीभर पेज. गोळीला मात्र त्याने हात लावला नाही. ती सरकारची बाब, खुशाल घे, म्हणाला. मोठ्या मनाने म्हणाला.

अम्मिणीने गोळी घ्यायची म्हणून घेतली आणि खायचं नाही म्हणून खाल्लं नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेल्या बाईला दोन्हीकडून शहाणी व्हायचं असलं की असंच होतं.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला तिला घाम फुटला. चात्तुण्णीने तिच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि खूश झाला. आम सुटतोय, म्हणाला. दुपारची पेज पोटात गेली तशी ती सावरली, आणि त्याने ते पेजेच्या खात्यावर घातलं. दुसऱ्या दिवशी तिची जीभ जड झाली, हात थरथरायला लागले. ती भिंत धरून स्वयंपाकघरात गेली आणि डब्यातून गुळाचा खडा काढला. तो मागोमाग गेला.

“अहो, सिस्टरने सांगितलंय.”

“साखरेच्या आजाराला गूळ? तुझ्या त्या कागदावरसुद्धा गूळ नाही काढलेला. उघड मूठ.”

तिने उघडली नाही. त्याने एकेक बोट उलगडलं, खडा काढून घेतला आणि डबा आपल्या आरामखुर्चीखाली ठेवला. मग तिच्या तळहातावरचा गुळाचा चिकटपणा आपल्या पंच्याने पुसला. त्यात माया होती, हे त्याने पुढे लिसीला चारदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन ती चटईवर आडवी झाली. दहाला तो पेजेचे तांदूळ धुवायला बसला तेव्हा ती काहीतरी बरळत होती. अकराला गप्प झाली, साडी घामाने अंगाला चिकटली. शेजारची बाई वाटी घेऊन आली, तिला त्याने हळू बोलायला सांगितलं: आज सगळा आम निघतोय, झोपू दे. दुपारी दीडला पेज घेऊन तो उठवायला गेला. ती उठली नाही.

लिसी आली तेव्हा तिने बोटाला टोचून पाहिलं, आकडा मोठ्याने वाचला नाही, शिरेतून ग्लुकोज दिलं आणि गाडी बोलावली. चात्तुण्णी पेजेचं भांडं झाकून ठेवा म्हणून सांगत होता. आल्यावर लागेल तिला.

अम्मिणी वाचली. मेंदू तेवढा अडीच-तीन तास उपाशी राहिला होता, तो परत आला नाही. सोळा दिवसांनी घरी आली ती पोरासारखी. चमचा कशाला असतो, हे तिला माहीत नव्हतं.

चात्तुण्णी मूस वैद्यांकडे गेला. ते नव्वदीला टेकले होते, ओट्यावर न्याहारीची वाट बघत बसले होते. पावसाळ्यातली लंघनाची पद्धत आपण अक्षर न अक्षर पाळली, असं त्याने सांगितलं आणि चूक कुठे झाली ते विचारलं. वैद्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ऋतूचे नियम निरोगी माणसासाठी रे. आजाऱ्याचा ऋतू म्हणजे त्याचा आजार. आधी तो, मग बाहेरचा पाऊस. दर वर्षी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो मी.”

“मी नाही ऐकलं कधी.”

“पहिल्या दिवशी तू सरपण आणायला जायचास.”

तेवढ्यात सून इडल्या घेऊन आली. वैद्यांनी कमरेच्या डबीतून एक पांढरी गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. चात्तुण्णीने ती ओळखली. घरी तांदळाच्या डब्याशेजारी तसल्याच गोळ्यांची पट्टी पडलेली होती.

“तुम्हीपण?”

“बारा वर्षं झाली. आणि बारा वर्षांत न्याहारी एकदा चुकवली नाही,” वैद्य म्हणाले, आणि त्यालाही बस म्हणाले, दोन इडल्या खा. तो बसला नाही.

घरी येऊन त्याने आरामखुर्चीखालून डबा काढला. आता घड्याळ लावून तिला भरवायचा. सकाळी आठ, अकरा, एक, चार, सात. कागदावरच्या चित्रांवर बोट ठेवून ठेवून ताट वाढायचा. एक दिवस अकराला तिच्या कपाळावर ओल दिसली. पावसाचं उकडत होतं, तेवढंच असेल, पण त्याची पाचावर धारण बसली. त्याने गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला आणि खा म्हणाला.

अम्मिणीने खड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मूठ मिटली. सगळं विसरलेल्या त्या बाईला एवढंच आठवत होतं. तिने आपलं एकेक बोट स्वतःच उलगडलं, खडा त्याच्या हातात परत दिला, आणि पुसायला तळहात पुढे करून बसली.