शीक्षावल्लीची दुसरी वेलांटी

हे सांगायला बसले की माझी बोटं जिभेच्या पुढे पळतात, त्यामुळे आधी माणसं सांगून टाकते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, पिंपरीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात मराठी टायपिस्ट. आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे ते पेंटरचाचा. पिढ्यान्पिढ्या चिंचवडगावातले, आता एमआयडीसीतल्या निम्म्या गेटांवरची अक्षरं त्यांच्या हातची. आणि तिसरे आमचे प्रशासन अधिकारी, सगळ्यांचे साहेब. ते पुण्याहून स्कूटरवर यायचे आणि आल्या आल्या रुमालाने चष्मा पुसायचे.

कंपनीने नवं अतिथिगृह बांधलं होतं. साहेबांनी चाचांना सांगितलं, दारावर ते पाहुण्याला देव मानायला सांगणारं संस्कृत वाक्य काढा. चाचांनी काढलं. पिवळ्यावर लाल, वळणदार. आणि खाली बारीक अक्षरात स्वतःहून लिहिलं: तैत्तिरीय उपनिषद, शीक्षावल्ली. कारण काही वर्षांपूर्वी चिंचवडच्या एका पाठशाळेच्या भिंतीवर त्यांनी हेच वाक्य काढलं होतं, तेव्हा तिथल्या गुरुजींनी पुस्तक समोर धरून खालची ओळही काढून घेतली होती. चाचांच्या डोक्यात एकदा अक्षर बसलं की बसलं.

नेमकं त्याच आठवड्यात रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत एका नावाजलेल्या सदरलेखकाने आतिथ्यावर लेख लिहिला, आणि त्यात ठोकून दिलं की हे वाक्य गीतेतलं. सोमवारी साहेब कात्रण घेऊनच आले. चाचा बोर्डाला वॉर्निश लावत होते, मी चहाला बाहेर आले होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"पेंटर, हे उपनिषद कुठून आणलंत? पेपरात स्वच्छ गीता लिहिलंय."

"पाठशाळेत असंच हाय, साहेब."

"आणि शिक्षाला दुसरी वेलांटी? शिक्षा पहिली असते हो. शाळेत गेला होतात ना?"

"चवथीपतुर."

"दिसतंय ते. महिनाअखेर एमडी येणार उद्घाटनाला. पुसा आणि गीता लिहा. नाहीतर आतले सगळे बोर्ड मी पुण्याच्या पेंटरला देतो."

चाचांनी ब्रश डब्यात ठेवला. "बोर्ड द्या कुणालाबी, साहेब. पन चूक मी काढनार न्हाई. खाली माझी सही हाय."

दुपारभर मला काही सुचेना. कळत होतं की प्रश्न बोर्डांपेक्षा मोठा आहे. सगळ्या ऑफिसात कुजबुज झाली होती की म्हाताऱ्याचा हात आता भरकटायला लागला. एक ड्राफ्ट्समन तर म्हणाला, "उपनिषदाला शिक्षा झाली, तीपण लांबलचक." सगळे हसले. मीही हसले थोडीशी, आणि मग स्वतःचाच राग आला.

म्हणून मी संपादकांना पत्र लिहायचं ठरवलं. लेख छापणाऱ्यांनीच चूक कबूल केली तर साहेब काय बोलणार? ऑफिस सुटल्यावर बसले आणि धडाधड तीन पानं टाइप केली. सदरलेखकाचा अभ्यास कसा कच्चा, पेपराची जबाबदारी काय, आमच्या चाचांचा अपमान कसा झाला, सगळं. आमच्या हेडक्लार्कबाई मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"अगं, हे पत्र आहे की मोर्चा?"

"मग काय लिहू?"

"एकच मुद्दा लिही. कुठल्या तारखेची पुरवणी, कुठलं सदर, त्यात काय छापलंय, बरोबर काय, आणि ते कुठे सापडेल. बस. चाचांचं काही नको, संपादकांना चाचा कोण ते माहीत नाही. कागदाच्या एकाच बाजूला, ओळी मोकळ्या सोडून, त्यांना मधे लिहायला जागा लागते. खाली पूर्ण नाव-पत्ता, नाहीतर छापत नाहीत."

तीन पानांच्या बारा ओळी झाल्या. मी कार्बन लावला, पुन्हा टाइप केलं, आणि टाइप करताना बोटांनी आपोआप 'शिक्षावल्ली' असं पहिल्या वेलांटीने ठोकलं. दुसरी काढणं ही चाचांची चूकच असणार, असं मीही धरून चालले होते. त्यांची बाजू घ्यायची, पण वेलांटी सुधारून.

संध्याकाळी कौतुकाने त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी कागद हातभर लांब धरला.

"ही वेलांटी बदललीस तू."

"चाचा, शिक्षा पहिलीच असते."

"मराठीत आसंल. त्या पुस्तकात न्हवती. बेटा, मी अक्षर वाचत न्हाई, बघतो. माझ्या हाताला फिरवलेली वेलांटी याद राहती."

"पण मग साहेब म्हणतात ते..."

"साहेब वाचतात. तू बी वाचतीस. तिथंच घोटाळा हाय."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी सायकलवर पाठशाळेत गेले. गुरुजी ओसरीवर पोथ्या उन्हात घालत होते. मी विचारलं तर हसले आणि आतून पुस्तक आणलं. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचं सांगतात, तो अकरावा अनुवाक, म्हणजे वल्लीतला भाग. तिथे ओळीने आई, वडील, आचार्य आणि मग पाहुणा, चौघांना देव मान असं येतं. वाक्य तिथलं. आणि वल्लीच्या सुरुवातीलाच छापलेलं: शीक्षा. दुसरी वेलांटी, ढळढळीत.

"चूक आहे का छपाईची?" मी विचारलं.

"नाही गं. वेदातलं दीर्घ. भाष्यकारांनी लिहून ठेवलंय, शिक्षा म्हणजेच शीक्षा, लांबी छांदस आहे म्हणून. म्हणजे वेदाच्या भाषेत चालते. आम्हीही सुरुवातीला सुधारायचो," गुरुजी म्हणाले. "तो पेंटर मात्र एकदाही चुकला नाही."

मी परत आले आणि पत्र तिसऱ्यांदा टाइप केलं. अनुवाकाचा आकडा घातला. गीतेत हे वाक्य नाही, एवढंच सरळ लिहिलं, सदरलेखकांबद्दल एक शब्द वाकडा नाही. आणि समासात पेनाने लिहिलं: 'शीक्षा' मूळ पाठाप्रमाणे दीर्घ, कृपया बदलू नये. कारण तिथेही कुणीतरी माझ्यासारखं वेगाने सुधारणारं बसलेलं असणारच.

मग वाट पाहणं. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी वाचकांच्या पत्रांत सगळ्यात खाली, नऊ ओळी. तीन त्यांनी कापल्या होत्या. वेलांटी मात्र दुसरीच, शाबूत. खाली सदरलेखकांची दोन वाक्यं होती: स्मरणाने लिहिलं, चुकलो, पत्रलेखिकेचे आभार. पत्रलेखिका म्हणजे मी. मी ते जिन्यावरून खाली धावतच वाचत गेले, आणि चाचांच्या दारात पोचेपर्यंत शेजारच्या तीन घरांना पाठ झालं होतं.

चाचांनी कागद पुन्हा हातभर लांब धरला. बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघितलं. "छपाईचा खिळा चांगला पडलाय," म्हणाले. एवढंच. चाचींनी मात्र शिरखुर्म्याचं भांडं बाहेर काढलं, ईद नसताना.

सोमवारी मी पेपर साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला. "वाक्याचं ठीक. पण शीक्षा यांनीही चुकीचंच छापलंय."

मी अनुवाकाचं, भाष्याचं, छांदसाचं सगळं सांगितलं, बहुतेक एका श्वासात. साहेब ऐकत राहिले. मग उठून एकटेच अतिथिगृहाकडे गेले. खिडकीतून दिसत होतं, बोर्डासमोर उभे राहून बोटाने हवेत वेलांटी काढून बघत होते.

दुपारी त्यांनी चाचांना बोलावून आतल्या बोर्डांची यादी हातात दिली. स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. माफी वगैरे काही नाही, फक्त, "तुमच्याच हातचं हवं सगळं." चाचांनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'भांडारग्रुह' असं लिहिलं होतं.

"साहेब, हे बी वेदातलं हाय का? तसंच काढतो."

साहेबांनी यादी परत घेतली, खिशातून पेन काढलं आणि 'ग्रु' खोडून 'गृ' केलं.