‘असं’च्या जागी ‘की’

आमच्या जळगावच्या पाइप कारखान्यात जर्मन मशीन येणार होतं. भाषेच्या चाचणीत पहिला येईल त्याला तिकडे प्रशिक्षणाला पाठवणार होते. धुळ्याहून जर्मन शिकवायला येणारे सर म्हणाले, “das आणि daß कानाला सारखेच. मराठीत ‘जे’ आलं तर das, ‘की’ आलं तर daß.”

पारोळ्याचा माझा सोबती गोंधळून त्याच्या अहिराणीत म्हणाला, “भाऊ, ‘तो येईल असं मला वाटतं’, यामा ‘की’ कोठे शे?”

मलाही कळेना, पण मी ऐटीत म्हणालो, “‘असं’ म्हणजे ‘जे’च समज. das लिही.”

चाचणीत भाषांतराला नेमकं तेच वाक्य आलं. मी मनात ते उलटवलं: ‘मला वाटतं की तो येईल.’ das खोडून daß केलं. शेजारी बसलेल्या त्याला सांगणं शक्य नव्हतं. तो das लिहून मोकळा झाला आणि तेवढ्या एका चुकीने माझ्या मागे, दुसरा आला.

नंतर सरांनी सोपी खूण सांगितली: “das च्या जागी welches, म्हणजे ‘जे’चाच दुसरा शब्द, ठेवून बघा. बसलं तरच das.”

निघताना तो हसून म्हणाला, “भाऊ, तुनं ‘असं’ माले महाग पडनं.”

मी जर्मनीला गेलो. ती जागा माझी होती की त्याची, हे मला अजूनही ठरवता येत नाही.