बंद घड्याळाची किंमत

आमचे हे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतायत, पण कस्टमची नोटीस आली तेव्हा पहिल्यांदाच हातातलं काम अर्धवट टाकून उठले. परदेशातल्या नणंदेने सासऱ्यांचं बंद पडलेलं घड्याळ भेट म्हणून पाठवलं होतं आणि पार्सलच्या फॉर्मवर नव्या घड्याळाची किंमत लिहिली होती.

"बाबांच्या घड्याळाची किंमत कमी कशी लिहू?" ती फोनवर म्हणाली. मोठी शहाणी! त्या आकड्यावर लागलेली ड्यूटी आमच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती.

यांनी तावातावाने पत्र लिहिलं: 'घड्याळ जुनं, बंद आणि कवडीमोल आहे. तीस वर्षांपूर्वी दुरुस्त करताना झाकणाच्या आत मी तारीख कोरली होती. उघडून बघा.'

आठवड्याने कस्टमच्या ऑफिसात बोलावणं आलं. अधिकारी बाईंसमोर यांनी झाकण उघडायला घेतलं, तर ते गंजून घट्ट बसलेलं. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी ते निघालं, आणि आत तारीख होती. बाईंनी भिंगातून दोनदा पाहिली.

"जुनी वस्तू धरली तर किंमत भेटवस्तूच्या सवलतीत बसते. ड्यूटी लागणार नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी यांचा जबाब टाइप केला: 'घड्याळ कवडीमोल आहे.' "सही करा."

यांनी पेन घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"आता काय झालं?" मी खेकसले.

"बाई," हे म्हणाले, "त्यात 'बाजारात' एवढा शब्द घाला. मग करतो."