काळ्या पॅनेलवरची ट्यूबलाइट

माझे वडील केजला डेंटिंग-पेंटिंगचं काम करायचे. तालुक्यात मिरवणुका भरपूर आणि मिरवणुकीतून परतणाऱ्या पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांचे दरवाजे चेपलेले, त्यामुळे लोकशाहीनं आमचं घर चाळीस वर्षं पोसलं. दरवाजा सरळ झाला की आबा तो आडव्या ट्यूबलाइटखाली धरायचे. पत्र्यात उमटलेली तिची पांढरी रेघ एका ओघात गेली तर काम झालं. कुठं मोडली तर पुन्हा पुट्टी, पुन्हा काचपेपर. गाडीचा मालक "दिसत न्हाई की" म्हणाला तर आबा म्हणायचे, "तुमाला न्हाई दिसत. दिव्याला दिसतं."

पुढे मी तेच काम संगणकावर करू लागले. वस्तूचं बाहेरचं अंग मी तुकड्या-तुकड्यांनी बांधते आणि ते सांधते. आबांची दृष्टी काचबिंदूनं गेली तेव्हा पुण्याची खोली सोडून लॅपटॉप घेऊन केजला आले.

त्या वर्षी एका कंपनीच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचं काळं चकचकीत पॅनेल माझ्याकडे होतं. कंपनीच्या सादरीकरणात त्याला 'अनुभव' म्हटलं होतं. होतं ते स्वयंपाकघरात टांगायचं झाकण. साच्याआधी तपासायला नमुना आला, तो करडा आणि निस्तेज. त्यात काहीच उमटत नव्हतं. मी तो आबांच्या मांडीवर ठेवला. हात न अडखळता सरकावा आणि उंचसखल कळावं म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे तळव्याखाली मऊ फडकं घेतलं आणि हात समोरच्या सपाट भागावरून गोल कडेकडे नेला. हात थांबला. मागं आला, पुन्हा गेला, पुन्हा तिथंच थांबला.

"इथं हात आडतोय, माय."

मी हसले. तिथला सांधा मी मोजला होता. दोन्ही तुकडे टेकलेले आणि सांध्यावर दोघांचा उतार तंतोतंत एक, फरक शून्य. ते आकडे मी त्यांना वाचून दाखवले, दृष्टी गेलेल्या माणसाला.

"आसंल," ते म्हणाले. "तुजं शिक्षान लई हाय."

दुपारी मी पडद्यावर त्या पॅनेलला काळे-पांढरे पट्टे लावले, चकाकीत काय दिसेल ते आधीच दाखवणारे. ही तपासणी मी आधीच करायला हवी होती. तुकडे एकमेकांना नुसते टेकलेले असते तर पट्टे सांध्यावर तुटून बाजूला सरकले असते. उतार जुळला होता म्हणून ते एकमेकांना भेटत होते, पण भेटतानाच त्यांना कोपरा पडत होता. सपाट भागाला वळण जवळजवळ नव्हतं आणि गोल कडेला ते पहिल्या क्षणापासून पूर्ण होतं. मांजरसुंब्याच्या घाटात असं वळण असतं तर एसटीच्या ड्रायव्हरला चाक एका झटक्यात फिरवावं लागलं असतं. रस्ता कुठं तुटलेला नसतो, तरी उभे प्रवासी एकमेकांवर पडतात. वळण हळूहळू चढायला हवं, सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारखं हवं, तेव्हा कुठं प्रतिबिंबाची रेघ न मोडता जाते.

तो कडेचा तुकडा रुंद करून नव्यानं बांधायला दोन दिवस लागले असते. साच्याचं पोलाद सोमवारी कापायचं होतं. कंपनीच्या साहेबांना फोन करून दोन दिवस मागता आले असते, पण त्यासाठी 'शून्य फरक' म्हणून मीच पाठवलेला अहवाल चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होता, हे कबूल करावं लागलं असतं. मी फोन केला नाही. संध्याकाळी आबांना म्हणाले, "हात अडत होता ते काढलं मी."

चार महिन्यांनी यंत्र बाजारात आलं. कंपनीनं त्यातलं एक मला भेट म्हणून दिलं आणि मी ते आमच्याच स्वयंपाकघरात लावून घेतलं. आबांनी फडकं मागितलं. खुर्चीतून उठले, भिंत चाचपत आले आणि हात सपाट भागावरून कडेकडे नेला. त्या जागी तो थबकला. मग मुद्दाम, जरा घाईनं, पुढे गेला.

"आता ब्येस हाय," ते म्हणाले.

चेपलेला पत्रा नीट झाला असं आबांनी पुढाऱ्यालाही कधी खोटं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. दहाव्याला घर भरलं होतं. पाहुण्यांनी त्या यंत्राचं कौतुक केलं, लेकीनं केलेलं म्हणून एकमेकांना दाखवलं. कुणालाच काही दिसलं नाही. ट्यूबलाइट समोरच्याच भिंतीवर आहे. मी पाणी भरायला गेले की तिची रेघ त्या काळ्या पॅनेलवरून सरळ येते आणि कडेजवळ कोपरा पडून मोडते. आबांचं फडकं अजून यंत्रावरच्या खिळ्याला आहे. मी ते धुतलेलं नाही.