बारा हजार दोन पोती

अठ्ठावीस मार्चला दुपारी हिशेब बघणाऱ्या महामायाताईंनी गजेंद्रला आणखी माल उचलू दिला नाही. तो फोन कानाला लावून खामगावच्या डेपोला शंभर पोत्यांची ऑर्डर सांगत होता, आणि पैसे उसने कुणाकडून आणायचे हेही त्याने मनात ठरवून टाकलं होतं. ताईंनी टेबलावरून हात लांब करून फोनच खाली ठेवायला लावला.

"बारा हजार दोन झाले," त्या म्हणाल्या. "पाहिजेत बारा हजार. काऊन कर्ज काढून राह्यले?"

डोणगावात गजेंद्रकडे एका कंपनीच्या पशुखाद्याची वितरणाची एजन्सी होती. आजूबाजूच्या तीस-चाळीस दुकानांना तो पोती पुरवायचा. माल तो खरेदीच्याच भावात द्यायचा, कारण मेहकरचा दुसरा वितरकही तसाच द्यायचा. गाडीभाडं आणि हमाली मिळून पोत्यामागे अकरा रुपये त्याच्या खिशातून जात. मिळकत म्हणून जी काही असे, ती वर्षाच्या शेवटी कंपनी देई ती रिबेट. बारा हजार पोत्यांच्या आत राहिलं, तर उचललेल्या प्रत्येक पोत्यामागे बारा रुपये. बारा हजार गाठले, तर पहिल्या पोत्यापासून सगळ्यांवर वीस. म्हणजे वर्षभराच्या धावपळीचा एका पोत्यामागे एक रुपया उरणार की नऊ, हे त्या एका आकड्यावर होतं. आणि तो आकडा गाठला आहे असं ताईंनी सांगितलं होतं.

त्यांचं सांगणं कुणी पुन्हा तपासत नसे. मेहकरच्या कॉलेजातून बी. कॉम. झालेली, डोणगावच्या बौद्धवाड्यातली ही पहिली मुलगी एकोणीस वर्षांपूर्वी गजेंद्रच्या वडिलांकडे, भगवानरावांकडे, हिशेबाला लागली. तेव्हा गावातले दोघं-तिघं भगवानरावांना विचारून गेले होते, की दुसरं कुणी मिळालं नाही का. भगवानरावांनी काय उत्तर दिलं ते ताईंना कधी कळलं नाही. त्यांनी मात्र पहिल्याच महिन्यात जुन्या खात्यातली एक चूक काढून दिली, आणि नंतर कुणी विचारायला आलं नाही. लाल वही गेली, संगणक आला, भगवानराव गेले, गजेंद्र आला. ताईंच्या चष्म्याचा नंबर वाढला. त्यांचा नवरा प्रसेनजित वीज मंडळात लाइनमन. तो म्हणायचा, माझी चूक झाली तर गाव अंधारात जातं, तुझी झाली तर कुणाला कळतसुद्धा नाही. ताईंना हे बोलणं मुळीच आवडत नसे.

सहा एप्रिलला डेपोतून मेल आला. वर्षाची एकूण उचल अकरा हजार नऊशे बासष्ट पोती, रिबेट पोत्यामागे बारा रुपये, एकूण एक लाख त्रेचाळीस हजार पाचशे चव्वेचाळीस. क्रेडिट नोट मे महिन्यात निघेल. म्हणजे रोख काही येणार नव्हतं. एवढी रक्कम कंपनीला द्यायच्या पैशांतून कमी झाली, असा कागद येणार होता.

चाळीस पोती कमी. वीस रुपयांच्या हिशेबाने दोन लाख चाळीस हजार चाळीस व्हायला हवे होते. शहाण्णव हजार चारशे शहाण्णव रुपयांचा फरक.

गजेंद्र ओरडला नाही. तो खुर्चीत बसला आणि पंख्याकडे बघत म्हणाला, "ताई, मी शंभर पोते उचलत होतो."

"हाव," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. वर्षभराची बिलं त्यांनी एकेक करून उलटी लावली. बिलांची बेरीज बारा हजार दोन. त्यातून नोव्हेंबरात परत पाठवलेली चाळीस वजा. ताडपत्री फाटून ट्रकमध्ये भिजलेली ती पोती गोदामात न उतरताच डेपोने परत घेतली होती, आणि माल-परतीची क्रेडिट नोटही दिली होती. उरतात अकरा हजार नऊशे बासष्ट. कंपनीचा आकडा बरोबर होता. मग आपला कुठून आला? तो आला होता गोदामाच्या रजिस्टरातून. ताई टार्गेटचा हिशेब नेहमी गोदामात उतरलेल्या पोत्यांवर ठेवत, कारण बिलं मागून येत आणि पोतं समोर दिसे. एकोणीस वर्षं दोन्ही आकडे एकच येत आले होते, म्हणून एकमेकांशी ताडून बघण्याची सवयच राहिली नव्हती.

मग ताई गोदामात गेल्या. हमालांचा मुकादम रंगराव पोत्यांच्या थप्पीवर पाय सोडून तंबाखू मळत बसला होता. त्याला उठवून त्यांनी एकतीस मार्चची मोजणी आणि नंतर आलेला-गेलेला माल पुन्हा जुळवून घेतला. एकतीस मार्चला गोदामात सहाशे पोती होती. संगणकात, बिलांप्रमाणे, पाचशे साठ.

"चाळीस जास्त हायेत," त्या म्हणाल्या.

"जास्त हायेत तं काऊन रडून राह्यल्या? कमी असते तं माह्या नावावर टाकले असते तुमी."

ताई रडत नव्हत्या, पण चेहरा तसा झाला असावा. त्यांनी नोव्हेंबरचं पान काढलं. भिजलेली पोती परत गेल्यावर आठ दिवसांनी दुसऱ्या ट्रकबरोबर बदली चाळीस आली होती. सोबत फक्त माल पोचवल्याचं चलन होतं आणि त्यावर पेनाने लिहिलं होतं, 'बिल मागाहून'. ते बिल कधी आलंच नव्हतं.

म्हणजे पोती खरंच बारा हजार दोन होती. फक्त त्यातली चाळीस कंपनीने कधी विकलेलीच नव्हती.

गजेंद्रला हे सांगितलं तेव्हा तो आधी उठून उभा राहिला आणि मग हळूहळू परत बसला. चाळीस पोत्यांची किंमत तेराशेच्या भावाने बावन्न हजार. आज ती फुकट त्याच्या गोदामात होती.

"आपण सांगतलं," तो म्हणाला, "अन् त्याईनं बावन्न हजाराचं बिल फाडलं, अन् म्हणले की बिल एप्रिलचं हाय, मागच्या वर्षात धरत नाई. मंग? रिबेट बी गेली अन् बावन्न हजार बी गेले."

"नाई सांगतलं तरी ते पैसे आपले नाहीत."

"ते मले कळते, ताई. मी दुकानदार हाय, चोर नाई." तो थोडा चिडला होता. "पण भेव तं वाटते ना."

त्याने एजन्सीच्या कोऱ्या लेटरहेडवर खाली सही करून शिक्का मारला आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. वर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताई सकाळच्या एसटीने मेहकर आणि तिथून जानेफळमार्गे खामगावला गेल्या. पिशवीत चलन, रजिस्टर आणि तो सही केलेला कागद. ऊन चढलं होतं, खिडकीची कांब तापली होती, आणि वाटेत त्या मनातल्या मनात बेरजा पुन्हा पुन्हा करत होत्या. प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं आणि प्रत्येक वेळी त्यांना थोडा जास्त आनंद होत होता. चूक सापडली होती. पैसे मिळोत न मिळोत, चूक सापडली होती.

डेपोत हिशेबाला निशिगंधा नावाची तरुण मुलगी होती. जानेवारीतच लागलेली. आधीची मुलगी डिसेंबरात नोकरी सोडून गेली होती. निशिगंधाने चलन हातात घेतलं, तारीख वाचली आणि एकदम खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, हे चाळीस पोते तुमच्याकडे आहेत?"

"आमच्या गोदामात."

निशिगंधा हसायलाच लागली. एकतीस मार्चच्या मोजणीत डेपोला बरोबर चाळीस पोती कमी आली होती. वॉचमनपासून गोदामपालापर्यंत सगळ्यांची चौकशी झाली होती, आणि तूट गोदामपालाच्या पगारातून कापायचं जवळजवळ ठरलं होतं. तिने आतल्या माणसाला हाक मारून गेटचं रजिस्टर मागवलं. नोव्हेंबरच्या पानावर ट्रकचा नंबर होता, चाळीस पोती होती, बिलाचा रकाना कोरा. दोघी डोक्याला डोकं लावून त्या कोऱ्या रकान्याकडे बघत राहिल्या.

मग निशिगंधाने खरी अडचण सांगितली. कंपनीने एकतीस मार्चलाच डोणगावच्या नावाने बारा रुपयांप्रमाणे रिबेटची तरतूद करून ठेवली होती. ती रक्कम त्या वर्षाच्या विक्रीतून वजा झालेली. मे महिन्यात क्रेडिट नोट निघाली की ती तरतूद वापरली जाईल, नव्या वर्षाच्या विक्रीला धक्का लागणार नाही. वीस रुपये द्यायचे तर तरतूदच वाढवावी लागेल. ऑडिट सुरू आहे, वह्या अजून बंद नाहीत, म्हणजे होऊ शकतं. पण मुख्य कार्यालय आधी कागद मागेल, की माल मिळाला आणि किंमत मान्य आहे. रिबेटचं उत्तर त्यानंतर.

"म्हणजे आधी आम्ही बावन्न हजार कबूल करायचे."

"हो, मॅडम. मी शब्द नाही देऊ शकत."

ताईंनी पेन काढलं. गजेंद्रच्या सहीच्या वरची कोरी जागा मोठी होती. त्यांनी तीनच ओळी लिहिल्या: नोव्हेंबरात चाळीस पोती मिळाली, बिल मिळालं नाही, किंमत देणं मान्य आहे. मग थोडं थांबून चौथी ओळ लिहिली, की माल मागच्या वर्षी उचलला असल्यामुळे तो मागच्या वर्षाच्या उचलीत धरावा. अक्षर नेहमीसारखंच आलं.

निशिगंधाने कागद, चलन आणि गेटचं पान स्कॅन करून मुख्य कार्यालयाला पाठवलं आणि तिथे फोन लावला. ताई बाहेर कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. चाळीस मिनिटं गेली, मग एक तास. गजेंद्रचे तीन फोन येऊन गेले, त्यांनी एकही उचलला नाही. त्यांना वाटलं, आपण एकोणीस वर्षांत एकदाही असं उभं राहिलो नाही, आपल्याच आकड्याची वाट बघत.

निशिगंधा दारात आली. ती धावत आली होती, हे तिच्या ओढणीवरून कळत होतं.

"माल नोव्हेंबरात गेला, म्हणजे विक्री मागच्याच वर्षाची," ती म्हणाली. "बिल आजच्या तारखेचं निघेल, पण विक्री एकतीस मार्चच्या आत धरली. बारा हजार दोन. वीसच्या स्लॅबमध्ये."

ताईंनी तिचा हात धरला आणि दोनदा हलवला. मग गजेंद्रला फोन लावून फक्त आकडा सांगितला. पलीकडून त्याने रंगरावला मारलेली हाक ऐकू आली, आणि मग गोदामात कुणीतरी शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी गजेंद्रने पेढे आणले. तो आता फार मोकळा बोलत होता. दोन लाख चाळीस हजार नफ्यात धरा, बँकेत कागद द्यायचे आहेत, म्हणाला. ताईंनी पेढा तोंडात असतानाच नकारार्थी मान हलवली. आधी त्यांनी चाळीस पोती मागच्या वर्षाच्या खरेदीत घेतली. संगणकात साठा सहाशे दिसायला लागला. मग रिबेट. ती 'रिबेट येणे' या खात्यात धरली. कंपनीच्या खात्यात आत्ताच टाकली, तर एकतीस मार्चचा त्यांचा खातेउतारा आणि आपला जुळणार नाही. मे महिन्यात क्रेडिट नोट आली की त्या तारखेला तिकडे वळवायची.

"अन् पुरे नफ्यात नाई," त्या म्हणाल्या. "रिबेट म्हणजे खरेदी स्वस्त झाली. सहाशे पोते अजून विकायचे हायेत. त्याइच्यावरचे बारा हजार साठ्याच्या किमतीतून कमी होतील. नफ्यात येतील दोन लाख अठ्ठावीस हजार चाळीस."

"बारा हजारानं काय बिघडते, ताई?"

"ते पोते विका, मंग घ्या."

गजेंद्रने रंगरावकडे पाहिलं. रंगरावने दुसरा पेढा उचलला आणि म्हणाला, "माह्याकडे नका पाहू, भाऊ. मी फक्त मोजतो."

ताईंनी नव्या वर्षाचं रजिस्टर पुढे ओढलं. पोत्यांच्या रकान्याशेजारी पट्टीने एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बिल क्रमांक'. मग खामगावला फोन लावून निशिगंधाला विचारलं, की एप्रिलमध्ये आतापर्यंत आमच्या नावावर किती पोती आहेत. तिकडून आकडा आला. त्यांनी आपला पाहिला. एकशे वीस, दोन्हीकडे. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की गजेंद्रने दचकून मागे पाहिलं.