कोऱ्या गालांचं रेखाचित्र

पुण्याजवळ निगडीत माझं डिझाइनचं दुकान आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स हा मुख्य धंदा. माणसाला गल्लीतले चारजण ओळखत नसले, तरी फ्लेक्सवर तो सर्वांचा आधारस्तंभ असतो. वर्षानुवर्षं असे स्तंभ उभे केल्यावर कशाचं नवल वाटू नये. तरी चाकणच्या एका कारखान्याच्या युनियनचे अध्यक्ष आले, त्या दिवशी मी चक्रावलोच.

त्यांच्या प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातला, एक जुना कामगार निवृत्त होणार होता. निरोप समारंभात त्याला त्याचं पेन्सिलचं चित्र फ्रेम करून द्यायचं ठरलं होतं.

"हातानं काढल्यासारखं पाहिजे, राव. पण उद्या दुपारपर्यंत."

त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. फोटोतल्या माणसाचे गाल नुकत्याच गिलावा केलेल्या भिंतीसारखे गुळगुळीत होते.

"पुतण्याकडून साफ करून आणलाय," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले. "त्याच्या तोंडावर लहानपणीच्या देवीचे व्रण आहेत ना, सगळे काढले. माणसाचा मान राखायला नको?"

मी कामाला लागलो. आधी फोटोतला रंग काढला. त्या काळ्या-पांढऱ्या फोटोची एक प्रत वर ठेवून ती उलटी केली, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मग दोन्ही प्रती एकमेकींत मिसळायला वरच्या प्रतीला 'कलर डॉज' हा पर्याय लावला. पडदा जवळजवळ कोरा झाला.

"गेला!" अध्यक्ष खुर्चीतून उठले. "अहो, माणूस घालवलात तुम्ही!"

"थांबा, येतोय."

"अहो, पुतण्याकडे पण दुसरी कॉपी नाही!"

वरच्या प्रतीला ब्लर दिला, म्हणजे ती धूसर केली, की रेघा उमटतात. मूळ चित्रात आणि त्याच्या धूसर उलट्या प्रतीत जिथे फरक पडतो, तिथेच रेघ येते. जिथे सगळं एकसारखं, तिथे कागद कोराच राहतो. मी ब्लर वाढवत गेलो. मिशी आली, चष्मा आला, शर्टाची कॉलर आली. गाल मात्र आले नाहीत. कपाळही आलं नाही. एका पांढऱ्याफटक अंड्यावर कुणीतरी चष्मा आणि मिशी ठेवून गेलं होतं.

"झकास!" अध्यक्ष म्हणाले. "एकदम तरुण दिसतोय."

"यात चेहराच नाही."

"मग भरा की तुम्ही."

"कशातून भरू? तुमच्या पुतण्याने खोडलंय ते सगळं."

त्यांना पटेना. शेवटी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून त्यांनी तो निवृत्त होणाऱ्याच्या बायकोला पाठवला. नवऱ्याला पत्ता लागू न देता तिला आधीच कटात घेतलेलं होतं. लगेच तिचा फोन आला. अध्यक्षांनी तो मोठ्या रुबाबात स्पीकरवर टाकला.

"दादा, ह्यो कोण हाय?"

"वहिनी, आपलेच साहेब!"

"आमचं न्हाईत ह्ये. मिशी त्यांची हाय, बाकी कुणाचं हाय ठावं न्हाई."

"वहिनी, ते व्रण जरा... समारंभात चारचौघांत..."

"समारंभ घटकाभर. नंतर फोटू लावायचा कुठं? तुमच्या हापिसात का माझ्या घरात?"

अध्यक्ष स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले. ते काही सापडलं नाही.

"घरात लावायचा तर माझाच नवरा पायजे," ती म्हणाली. "पोरीला सांगते, तुझ्या लग्नातला उन्हातला फोटू पाठव म्हून."

तो फोटो आला. बाजूने ऊन पडलेलं, प्रत्येक व्रणाच्या कडेला बारीक सावली. मी पुन्हा सगळं केलं, पडदा पुन्हा कोरा झाला. यावेळी अध्यक्ष उठले नाहीत, नुसते दुसरीकडे बघत बसले. ब्लर दिला तसे गाल भरत आले. बारीक बारीक ठिपके, आखूड रेघा, कुणी पेन्सिल कागदावर टेकवत टेकवत काढावेत तसे. कपाळावरच्या आठ्यासुद्धा उतरल्या.

"जरा कमी करा," अध्यक्ष पुटपुटले.

मी वहिनींना फोन लावू का, असं विचारलं. त्यांनी फ्रेमचा रंग निवडायला घेतला.

समारंभ कंपनीच्या कँटीनमध्ये होता. फ्रेमवरचा कागद काढल्यावर त्या माणसाने चष्मा वर सरकवला आणि काचेवरून बोट फिरवलं, कपाळावरून गालापर्यंत.

"दाढी करताना आरशात असतो, त्योच हाय की," तो बायकोला म्हणाला. तिने फ्रेम त्याच्या हातातून आपल्याकडे घेतली.

मग अध्यक्षांनी माइक घेतला. एका नामवंत चित्रकाराने आठवडाभर बैठक मारून, स्वतःच्या हाताने काढलेलं हे चित्र, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. नामवंत चित्रकार मागच्या टेबलावर गुलाबजाम खात होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पुन्हा दुकानात हजर. हातात तोच पेन ड्राइव्ह.

"माझंही असंच करायचं, भाऊ. फोटो पुतण्याकडून साफ करूनच आणलाय."

मी वाद घातला नाही. त्यांना खुर्ची दिली आणि पडदा कोरा होईपर्यंत थांबलो.