गाठ की काप

मालूचा कुणावरच विश्वास नव्हता. कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ती बाई, मासे विकण्यात हयात गेलेली. ताजा मासा पारखावा तसा समोरच्याचा कल्ला उघडून लाल आहे की नाही हे बघितल्याशिवाय त्याचं बोलणं ती घेत नसे. हे तिला मीच शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. कारण तिला पहिली फसवणारी मी, शकू सिस्टर.

मी डोंबिवलीहून येऊन कळव्याच्या प्रसूतिगृहात नोकरी करायचे. शहाऐंशी साली मालूचं दुसरं बाळंतपण झालं, मुलगा. मोठी मुलगी बायजा होतीच. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांचं वर्षाचं टार्गेट पुरं व्हायला माझ्या तीन केसेस कमी होत्या. मी तिच्या खाटेवर बसून म्हणाले, "अगं, काही नाही, नळीला नुसती गाठ मारायची." तिने लगेच विचारलं होतं, "म्हंजे सोडवता येल?" मी हसले आणि म्हणाले, "तुला कशाला सोडवायची?" नाही म्हणाले नाही, आणि ऑपरेशन झालं. आजही ते हसणं आठवलं की माझीच मला लाज वाटते.

एक्क्याण्णव साली तिचा मुलगा काविळीने गेला. पाच वर्षांचा होता. तेरावं झालं आणि आठ दिवसांनी मालू माझ्यासमोर उभी राहिली. मागे नवरा नाथा, मान खाली घालून.

"तू गाठ मारलीस. आता सोड."

मी तिला खरं सांगितलं. गाठ मारतात, पण गाठीच्या वरचा नळीचा तुकडा कापून काढतात. तिचं ऑपरेशन बाळंतपणानंतरचं, म्हणजे कापलेलंच होतं. तिने पोटावरच्या टाक्यांच्या व्रणावर हात ठेवला. मग म्हणाली, "माजा तुकडा कापलास नि गाठ बोललीस?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने दिल्या नाहीत.

नाथाला कुणीतरी सांगितलं होतं की दादरला एक डॉक्टर नळीशिवाय मूल देतो. होडी विकायची त्याची तयारी होती. मी रजा टाकून दोघांसोबत गेले, कारण मालूला एकटं सोडायची मला भीती वाटत होती, आणि तिला मला नजरेआड करायची नव्हती. दवाखाना चकाचक होता. डॉक्टरांनी समजावलं, रोज इंजेक्शनं द्यायची, बीजं तयार झाली की सुईने बाहेर काढायची, नाथाच्या बीजाशी बशीत जुळवायची आणि गर्भ पिशवीत सोडायचा. पोट फाडायचं नाही. एका खेपेला औषधांसकट साठ हजार. जुळं-तिळं होऊ शकतं, इंजेक्शनांनी कधी पोटात पाणी भरतं. भिंतीवरच्या पाटीवर यश तीस टक्के लिहिलं होतं.

"तीस म्हंजे पोर हातात?" मालू म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "तीस म्हणजे तपासणीत दिवस राहिलेले. मूल घरी नेलेले पंधराएक."

"मग पाटीवर तीस कनाला?"

त्यांचं तोंड उतरलं, पण मनुष्य वाईट नव्हता. त्यांनीच सांगितलं की तुझं वय कमी आहे, तुझ्या नळ्या किती उरल्यात ते आधी बघ, उरल्या नसतील तरच माझ्याकडे ये. मालूला मात्र त्यातही काळंबेरं दिसलं. "बशीत दुसऱ्याचा पोर घातला तर मना कलनार कसा?" असं ती जिना उतरताना म्हणाली. नाथा पहिल्यांदाच बोलला, "गप गो. होडी विकू, पन पोर आपला पायजे."

मग सरकारी रुग्णालय. तिथे डॉ. सबनीस म्हणून बाई होत्या, तुटक बोलणाऱ्या. मूल दगावलेल्यांची नळी तिथे फुकट जोडत. वरची औषधं आणि रक्त यांचे दोन-तीन हजार लागणार होते. मालूला फुकट या शब्दाचाच धसका. फुकटात तर नळी गेली होती ना!

"शंभरात किती?" तिने विचारलं. "पोर हातात."

"नळी चार सेंटीमीटरच्या वर उरली असेल तर साठांना दिवस राहतात. मूल हातात पन्नासएकांच्या. पण वर्ष-दोन वर्षं वाट बघावी लागते. पोट उघडावं लागतं. भूल, टाके, सगळं आलं. आणि गर्भ नळीतच अडकण्याचा धोका. शंभरात चार-पाच जणींना. ती नळी फुटली तर बाई मरते."

"अडकतो कनाला?"

डॉक्टरीणबाई सांगू लागल्या आणि मालूच मध्ये बोलली. "जाला तुटला का आमी सांधतो. सांध्यावर जाल्याचा आस, भोक, बारीक व्हतो. म्हावरा तिथंच अडकतो. तसाच का?"

"तसंच," सबनीसबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी पेन खाली ठेवलं.

मालूने हे ऑपरेशन धरलं. एका खेपेच्या साठ हजारांवर होडी घालवायची आणि पंधरा जणींत नंबर लागायची वाट बघायची, त्यापेक्षा सांधलेलं जाळं दर महिन्याला टाकता येतं, असा तिचा हिशेब. आधी नाथाची तपासणी झाली, मग दुर्बिणीने तिच्या नळ्या बघितल्या. उजवी पाच सेंटीमीटर, डावी सव्वाचार. ब्याण्णवच्या श्रावणात केसाहून बारीक धाग्याने नळ्या जोडल्या. शुद्धीवर आल्यावर तिने मला पहिलं काय विचारलं असेल? "जोडली का खरंच, का नुसती शिवून ठेवली?"

आठ महिन्यांनी पाळी चुकली. सासूने, गोदूबाईने, एकवीरेला नारळ बोलला. दोन आठवड्यांत मालूच्या पोटात उजवीकडे कळ सुरू झाली आणि थोडं रक्त गेलं. गल्लीतल्या डॉक्टराने गॅस म्हणून पुडी दिली. दुसरी कुणीही घेऊन झोपली असती. मालू पुडी न फोडता चालत माझ्याकडे प्रसूतिगृहात आली, घामाने भिजलेली.

"म्हावरा अडकला."

सबनीसबाईंकडे नेताना टॅक्सीत तिचा खांदा दुखायला लागला तेव्हा मी ड्रायव्हरला गाडी पळवायला सांगितली, कारण पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो हे मला माहीत होतं. उजवी नळी फुटली होती. काढून टाकावी लागली. सबनीसबाई म्हणाल्या, तासभर उशीर झाला असता तर वाचली नसती. तिचा संशय आम्हा सगळ्यांना चावला होता, त्या दिवशी त्यानेच तिला वाचवलं.

नंतर मी तिला दादरच्या डॉक्टरांची आठवण करून दिली. होडीवर कर्ज काढू म्हणाले. "एक सांधा हाय अजून," ती म्हणाली. वर्ष उलटून गेलं. वाड्यातल्या बायका तिच्या पोटाकडे बघेनाशा झाल्या. मीही आशा सोडली होती, तिला सांगितलं नाही इतकंच.

मग उरलेल्या डाव्या नळीतूनच दिवस राहिले आणि पंचाण्णवच्या मार्चमध्ये तिला मुलगी झाली. पोट तीनदा उघडलेलं, म्हणून सिझेरियन ठरवलेलं. मी आदल्या दिवशी कागद घेऊन तिच्या खाटेशी गेले. रीत म्हणून विचारायचंच होतं, याच वेळी पुन्हा नळी बंद करायचं ऑपरेशन करून टाकायचं का?

मालूने कागद घेतला नाही. माझा हात धरला.

"गाठ का काप?"

मला हसू आलं नाही. "काप," मी म्हणाले. "तुकडा काढतात. पुन्हा जुळेल याचा भरवसा नाही."

मग तिने अंगठा पुढे केला.

"तवा पन असाच बोलली असतीस ना सिस्टर, तरी मी केला असता. दोन पोरं व्हती, बस व्हती. पन माजा मी केला असता."

मी शाईचा पॅड उघडला. तिने अंगठा उमटवला, आणि मग कागद उलटा करून मागेही काही लिहिलंय का ते बघितलं.